पानातला स्टार्च आणि पायऱ्यांचा क्रम

हिरव्या पानात सूर्यप्रकाशामुळे स्टार्च तयार होतो, हे दाखवणारा प्रयोग शालेय विज्ञानात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कुंडीतले रोप दोन-तीन दिवस अंधारात ठेवायचे, एका पानाच्या मधल्या भागावर काळ्या कागदाची पट्टी लावायची, रोप काही तास उन्हात ठेवायचे, मग पान खुडायचे. खुडलेले पान उकळत्या पाण्यात बुडवायचे, नंतर गरम अल्कोहोलमध्ये त्याचा हिरवा रंग घालवायचा, पाण्यात धुऊन मऊ करायचे, बशीत पसरायचे आणि वर पातळ आयोडीनचे थेंब टाकायचे. उघड्या भागाला निळा-काळा रंग येतो आणि पट्टीखालचा भाग पिवळट तपकिरी राहतो. वस्तू साध्या आहेत आणि निकाल डोळ्यांना दिसतो, म्हणून हा प्रयोग लोकप्रिय आहे. यातल्या जवळजवळ प्रत्येक पायरीची जागा ठरलेली आहे. दोन पायऱ्यांची अदलाबदल केली की कधी निकाल मिळत नाही, कधी चुकीचा पण अगदी पटण्यासारखा निकाल मिळतो, आणि एका ठिकाणी तर टेबलावर आग लागते. तरी काही अदलाबदलींनी फारसे बिघडत नाही. कोणत्या बदलाने काय होईल हे प्रयोग न करताही सांगता येते. मात्र त्यासाठी कृती वाचण्याची रीत बदलावी लागते.

या प्रयोगाची मुळे एकोणिसाव्या शतकात आहेत. आयोडीन 1811 मध्ये सापडले आणि त्यानंतर तीनच वर्षांत ते स्टार्चला निळे करते हे फ्रान्समधल्या रसायनशास्त्रज्ञांनी नोंदवले. पुढे 1860 च्या दशकात जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलिउस फॉन झाक्स यांनी याच खुणेचा उपयोग करून, पानाच्या हरितलवकांतले स्टार्चचे कण प्रकाशात तयार होतात आणि अंधारात नाहीसे होतात, हे दाखवले. शाळेतला प्रयोग हा त्याच कामाचा सोपा अवतार आहे. म्हणून त्याच्या कृतीत दोन वेगळी कामे एकत्र झाली आहेत. पहिला अर्धा भाग जिवंत रोपावर चालतो: अंधार, पट्टी, ऊन. दुसरा अर्धा भाग मेलेल्या पानावर चालतो: उकळणे, रंग घालवणे, धुणे, आयोडीन. पहिल्या भागात प्रश्न विचारला जातो आणि दुसऱ्या भागात त्याचे उत्तर डोळ्यांना दिसेल असे केले जाते. क्रम बदलल्यावर काय बिघडेल याचा अंदाज बांधताना, गडबड कोणत्या भागात झाली हे आधी पाहावे. दुसऱ्या भागातली चूक पुष्कळदा दुरुस्त करता येते, पण पहिल्या भागातली चूक पानात कायमची बसते.

छापील कृती वाचताना एक अडचण नेहमी येते. काही पायऱ्यांना क्रमांकच दिलेला नसतो. ‘दोन दिवस अंधारात ठेवलेल्या रोपाचे एक पान घ्या’ असे वाक्य पहिल्या क्रमांकाला असले, की वाचणारा ‘पान घ्या’ एवढेच काम समजतो. खरे तर त्या वाक्यात दोन दिवसांचे काम आधीच होऊन गेलेले आहे. ‘हिरवा रंग जाईपर्यंत’, ‘थंड झाल्यावर’, ‘उकळत्या पाण्यात धरलेल्या परीक्षानळीत’ अशा शब्दांतही एकेक पायरी लपलेली असते. म्हणून प्रयोगाच्या आधी कृती एकदा वाचताना फक्त क्रियापदांखाली रेघ मारावी, आणि ‘ठेवलेल्या’, ‘धुतलेल्या’, ‘झाल्यावर’ असे शब्द सुटे करून प्रत्येकाची स्वतंत्र ओळ लिहावी. पाच पायऱ्यांची कृती मग नऊ-दहा पायऱ्यांची होते. त्यानंतर प्रत्येक ओळीपुढे दोन गोष्टी लिहाव्यात: ही पायरी सुरू होताना पान कोणत्या अवस्थेत असायला हवे, आणि ती संपल्यावर पानात काय बदललेले असेल. एखाद्या पायरीला हवी असलेली अवस्था ज्या पायरीने तयार होते, ती आधी यायलाच हवी. क्रमाचा नियम एवढाच आहे आणि पुढचे सगळे अंदाज त्यातूनच निघतात.

सुरुवात अंधारापासून करू. अंगणातल्या जास्वंदीच्या पानात दुपारी भरपूर स्टार्च असतो, कारण सकाळपासून ते पान उन्हात काम करत असते. रात्री हा साठा विरघळून त्याची साखर होते. काही साखर पान स्वतः वापरते आणि बाकीची खोडाकडे, मुळांकडे जाते. एका रात्रीत सगळा साठा संपेलच असे नाही, म्हणून रोप अंधारात जास्त वेळ ठेवतात. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात यासाठी तीन दिवस सांगितले आहेत आणि त्यानंतर सुमारे सहा तास ऊन. अंधाराच्या पायरीचे काम म्हणजे पानातली पाटी कोरी करणे. ती संपल्यावर पानात स्टार्च नसतो, आणि म्हणून नंतर दिसणारा स्टार्च आजच्याच उन्हातला आहे असे म्हणता येते.

समजा, घाईत ही पायरी गाळली आणि रोजच्या उन्हातल्या रोपालाच सकाळी पट्टी लावून दुपारी पान खुडले. पट्टीखालच्या भागात त्या दिवशी नवा स्टार्च झाला नाही, पण कालचा थोडाफार शिल्लक असू शकतो. आयोडीन टाकल्यावर पट्टीखालचा भागही निळसर होतो. आता विद्यार्थ्याने काय लिहावे? प्रामाणिकपणे पाहिले तर त्याला ‘उजेड नसतानाही स्टार्च तयार होतो’ असेच लिहावे लागेल. हा निकाल स्वच्छ दिसतो, पुन्हा केला तरी तसाच मिळू शकतो, आणि पूर्ण खोटा असतो. आयोडीनला तारीख कळत नाही. स्टार्च कालचा असो वा आजचा, त्याचा रंग एकच.

आता पायरी न गाळता फक्त क्रम उलटा करून पाहू. आधी पट्टी लावून रोप सहा तास उन्हात ठेवले आणि मग दोन दिवस अंधारात. दिवस तेवढेच, ऊन तेवढेच, पट्टी तीच. पण उन्हात जे बनले ते अंधारात वापरले गेले. खुडलेले पान सगळीकडे तपकिरी दिसेल, म्हणजे उघडा भाग आणि झाकलेला भाग यांत काहीच फरक नसेल. विद्यार्थ्याला वाटेल की आयोडीन जुने झाले किंवा रोप आजारी आहे. हा बिघाड त्या मानाने बरा, कारण काहीतरी चुकले आहे हे लगेच समजते. पहिल्या प्रकारात मात्र चूक झाली आहे असा संशयसुद्धा येत नाही.

पट्टीची जागा पाहण्यासारखी आहे, कारण ती एका बाजूला हलवता येते आणि दुसऱ्या बाजूला नाही. पट्टी अंधारात ठेवण्याच्या आधी लावली तरी चालते. अंधारात पान झाकलेले काय आणि उघडे काय, दोन्ही सारखेच. उलट आधी लावलेली बरी, कारण अंधारातून रोप बाहेर काढून पट्टी लावेपर्यंत ते उजेडात राहत नाही. पण तीच पट्टी ऊन लागून गेल्यावर लावली तर ती निरुपयोगी ठरते, कारण स्टार्च तोवर सगळ्या पानात झालेला असतो आणि सगळे पान निळे होते. पट्टीला एकच अट आहे: ऊन सुरू होण्याच्या आधी ती पानावर हवी. किती आधी, याला महत्त्व नाही. छापील कृतीत मात्र ती अंधारानंतरच्या क्रमांकावर असते. त्यामुळे हा क्रम सोयीचा आहे की सक्तीचा, हे वाचणाऱ्याला कळत नाही. कागद पानाच्या दोन्ही बाजूंना हवा, नाहीतर खालून येणारा उजेड पट्टीच्या कडा पुसट करतो. शिवाय काळ्या कागदाने उजेड अडतो तशी हवाही थोडी अडते, म्हणून कोणी म्हणू शकेल की स्टार्च न होण्याचे कारण हवेची अडचण होती. त्याच पानावर तेवढ्याच रुंदीची पारदर्शक प्लास्टिकची पट्टीही लावली, की या शंकेचे उत्तर मिळते. तिच्याखाली निळा रंग आला तर दोष हवेचा नव्हता.

या भागात एक पडताळा घालण्यासारखा आहे आणि त्याची जागाही ठरलेली आहे. अंधारात ठेवलेले रोप उन्हात नेण्याच्या आधी त्याचे एक पान खुडून त्याची आयोडीन चाचणी करावी. ते तपकिरी राहिले तर पाटी कोरी झाली आहे. निळे झाले तर आणखी एक दिवस अंधार. हीच तपासणी उन्हानंतर केली तर तिला अर्थ उरत नाही.

याच प्रयोगाचा दुसरा प्रकार ठिपकेदार पानावर करतात. मनी प्लांट किंवा क्रोटनच्या पानावर हिरवे आणि पांढरट भाग असतात, आणि स्टार्च फक्त हिरव्या भागात बनतो हे दाखवायचे असते. इथे पट्टी लागत नाही. त्याऐवजी पान कागदावर ठेवून त्याची बाह्यरेषा आणि हिरव्या भागांच्या सीमा आखून घ्यायच्या असतात. ही पायरी विद्यार्थ्यांना कंटाळवाणी वाटते आणि बहुतेक वेळा पुढे ढकलली जाते: ‘आधी प्रयोग करू, आकृती नंतर काढू.’ पण अल्कोहोलच्या पायरीनंतर सगळे पान पांढरट होते. कुठे हिरवे होते आणि कुठे नव्हते ही माहिती तेव्हा पानात राहत नाही. शेवटी निळे डाग दिसतात, पण ते कशाशी ताडून पाहायचे हे कळत नाही. काही जण मग निळ्या डागांवरूनच ‘इथे हिरवे असणार’ असे ठरवून आकृती भरतात. त्यात जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरले जाते. आकृती काढताना पानाला काहीच होत नाही, म्हणून ती बिनमहत्त्वाची वाटते. प्रत्यक्षात क्रम चुकला तर जिची भरपाई मुळीच होत नाही अशी पायरी हीच. मोबाइलवर फोटो काढून ठेवला तरी चालेल, पण उकळण्याच्या आधी.

पान खुडल्यावर ते लवकर उकळत्या पाण्यात गेले पाहिजे. खुडलेले पान लगेच मरत नाही. डब्यात घालून ठेवले तर त्याच्या पेशी श्वसन करत राहतात आणि साठा हळूहळू कमी होतो. उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवल्यावर पेशी मरतात, स्टार्च मोडणारी विकरे निकामी होतात, पेशीपटले फुटतात आणि स्टार्चचे कण फुगतात. पान मऊ पडते, पण हिरवेच राहते, कारण हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही. वेळेची मर्यादा मात्र आहे. दहा-पंधरा मिनिटे उकळत ठेवलेले पान गळून जाते आणि चिमट्याने उचलताना फाटते.

यानंतर अल्कोहोल. हरितद्रव्य त्यात विरघळते आणि स्टार्च विरघळत नाही, म्हणून या कामासाठी अल्कोहोलच निवडले आहे. पान पांढरट होते, द्रव हिरवा होतो. आता प्रश्न असा की उकळते पाणी आणि अल्कोहोल यांची अदलाबदल केली तर? कच्चे पान आधी गरम अल्कोहोलमध्ये आणि मग उकळत्या पाण्यात. पुस्तकी सवयीने बहुतेक जण ‘प्रयोग फसेल’ असे उत्तर देतील. पण कारणे लावून पाहिली तर तसे दिसत नाही. गरम अल्कोहोलही पेशी मारते आणि पेशीपटले फोडते. स्टार्च जागेवरच राहतो आणि नंतरच्या उकळत्या पाण्यात फुगतो. रंग निघायला जास्त वेळ लागेल, पान मध्येच कडक होईल, कदाचित काही ठिकाणी हिरवी झाक राहील. निकाल मात्र मिळू शकेल. छापलेला क्रम चांगला आहे, पण या जागी तो सोयीसाठी आहे. हे ओळखता येणे म्हणजेच कृती समजणे. सगळ्याच बदलांना ‘चूक’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याने क्रम पाठ केलेला असतो, एवढेच.

जिथे क्रमाशी अजिबात खेळायचे नाही ती जागा इथूनच पुढे आहे, आणि ती पानाशी संबंधित नाही. अल्कोहोल 78 अंश सेल्सिअसला उकळते. त्याची वाफ खोलीच्या साध्या तापमानालाही पेट घेऊ शकते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने वर न जाता टेबलावरून पसरते. म्हणून अल्कोहोलची परीक्षानळी ज्योतीवर धरत नाहीत. मोठ्या चंचुपात्रात पाणी तापवायचे, ज्योत विझवायची, अल्कोहोलची बाटली मग उघडायची, परीक्षानळीत पान आणि अल्कोहोल घालायचे आणि ती नळी गरम पाण्यात उभी करायची. उकळून बाजूला ठेवलेले पाणी 78 अंशांच्या वर काही मिनिटे राहते आणि तेवढ्यात काम होते. पाणी निवले तर नळी बाहेर काढून, बाटलीला बूच लावून दूर ठेवून, पुन्हा पाणी तापवायचे.

या वर्णनात ज्योत विझवणे आणि बाटली उघडणे या दोन शेजारच्या पायऱ्या आहेत. छापील कृतीत ज्योत विझवण्याला बहुधा स्वतंत्र क्रमांक नसतो. ‘गरम पाण्यात ठेवा’ यात ती गृहीत धरलेली असते, आणि काही पुस्तकांत तर चंचुपात्र ज्योतीवरच ठेवलेले दाखवतात. या दोन पायऱ्या उलट्या झाल्या, म्हणजे बाटली आधी उघडली आणि ज्योत नंतर विझवली, तर पानाच्या दृष्टीने काहीच फरक पडत नाही. पाणी तेवढेच गरम, पान तेवढेच पांढरे, निळा रंगही तसाच. निकालावरून ही चूक कधीच ओळखता येत नाही. दहा वेळा काही होत नाही आणि अकराव्या वेळी वाफ ज्योतीपर्यंत पोहोचते. गॅस नसलेल्या अनेक शाळांत स्पिरिटचा दिवा वापरतात. तिथे इंधन आणि प्रयोगातला द्रव दोन्ही ज्वलनशील असतात, त्यामुळे अंतर आणि क्रम दोन्ही जास्त कडक पाळावे लागतात. पेटलेल्या दिव्यात स्पिरिट ओतणे हा याच चुकीचा आणखी धोकादायक प्रकार आहे. अल्कोहोलची ज्योत फिकट निळी असते आणि दिवसा नीट दिसत नाही, म्हणून ‘विझली असेल’ असे समजून हात पुढे करू नये. नळीच्या तोंडाशी वाफ पेटली तर फुंकर मारायची नाही, ओल्या कापडाने झाकायचे. हे काम शिक्षकांनी स्वतः करावे, विद्यार्थ्यांनी लांबून पाहावे, हाच व्यवहार योग्य.

अल्कोहोलमधून काढलेले पान पापडासारखे कडक असते, कारण त्यातले पाणी निघून गेलेले असते. बशीत पसरायला गेले की तडकते आणि तुकडे जुळवत बसावे लागते. म्हणून ते गरम पाण्यात काही सेकंद बुडवतात. पान पुन्हा मऊ होते आणि उरलेले अल्कोहोलही धुऊन जाते. त्यानंतर ते थंड होऊ द्यायचे. बऱ्याच कृतींत हे लिहिलेले नसते, पण आयोडीन आणि स्टार्च यांचा निळा रंग उष्णतेने फिका पडतो. भाताच्या पातळ पेजेत आयोडीनचा थेंब टाकून आलेला निळा रंग परीक्षानळी तापवली की जातो आणि थंड केली की बऱ्याच अंशी परत येतो, हे दोन मिनिटांत करून पाहता येते. स्टार्चच्या लांब साखळीला मळसूत्रासारखे वेटोळे असते आणि त्या पोकळीत आयोडीनचे कण अडकल्याने निळा रंग दिसतो. तापवल्यावर हे वेटोळे सैल होते आणि आयोडीन सुटते. गरम पाण्यातून काढलेल्या पानावर तत्काळ आयोडीन टाकले तर रंग फिका दिसेल, आणि उतावीळ विद्यार्थी ‘स्टार्च नाही’ असे लिहून पान कचऱ्यात टाकेल. पाच मिनिटे थांबला असता तर रंग गडद झाला असता.

सर्वांत मनोरंजक अदलाबदल म्हणजे आयोडीन आधी आणि अल्कोहोल नंतर. वेळ वाचवण्यासाठी ती सुचणे अगदी स्वाभाविक आहे. काय होईल याचा अंदाज दोन टप्प्यांत बांधावा लागतो. पहिला टप्पा: उकळलेल्या हिरव्या पानावर आयोडीन टाकले. स्टार्च आहे, आयोडीन आत शिरले, रंगही तयार झाला. पण हिरव्यावर निळा-काळा असे मिश्रण गडद मळकट दिसते. उघड्या आणि झाकलेल्या भागात फरक आहे की नाही हे खात्रीने सांगता येत नाही. उकळलेलेही नसेल तर पानावरचा मेणचट थर आणि शाबूत पेशीपटले आयोडीनला आत जाऊच देत नाहीत आणि पान फक्त वरून तपकिरी डागाळते. दुसरा टप्पा: हे पान गरम अल्कोहोलमध्ये घातले. हरितद्रव्य निघाले. पण आयोडीनही अल्कोहोलमध्ये चांगले विरघळते, आणि उष्णतेने ते स्टार्चपासून आधीच सुटलेले असते. म्हणजे रंगही निघाला. बाहेर येते ते कोरे पांढरट पान. पाहणाऱ्याला वाटेल की पानात काहीच नव्हते.

तरीही ही चूक सुधारता येते. स्टार्च अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, म्हणजे तो अजून पानातच आहे. पान पाण्यात धुऊन, थंड करून, पुन्हा आयोडीन टाकले की पट्टीची खूण दिसेल. अंधार आणि ऊन यांचा क्रम चुकला असता तर असा मार्ग राहिला नसता. तिथे नव्या रोपापासून सुरुवात करावी लागते आणि तीन दिवस जातात.

आता उलट दिशेने जाऊन पाहता येते. पान समोर आहे, निकाल अपेक्षेप्रमाणे नाही, आणि कोणत्या पायरीवर गडबड झाली ते शोधायचे आहे. पान पूर्ण निळे असेल तर स्टार्च सगळीकडे आहे हे नक्की, त्यामुळे उकळणे, अल्कोहोल, आयोडीन यांच्यावर संशय घेण्याचे कारण नाही. दोष जिवंत भागातला आहे: अंधार अपुरा, पट्टी उशिरा लावलेली, किंवा पट्टी सैल. अंधारानंतर एक पान तपासून ठेवले असेल तर पहिली शक्यता तिथेच निकालात निघते. आयोडीन फार दाट वापरले तरी पान सगळीकडे काळपट दिसते. ते पाण्याने पातळ करून फिकट पिवळसर तपकिरी झाले की वापरावे, आणि शंका असेल तर पान पाण्यात हलके धुऊन पाहावे. वरवरचा तपकिरी डाग धुतला जातो, स्टार्चचा निळा टिकतो.

पान पूर्ण तपकिरी असेल तर कारण दोन्ही भागांत असू शकते, म्हणून आधी आयोडीन तपासावे. त्याचा एक थेंब कापलेल्या बटाट्यावर टाकायचा. बटाटा निळा झाला तर आयोडीन ठीक आहे. मग पान गार झाले होते का, ते उकळले होते का, हे पाहून पुन्हा आयोडीन टाकावे. तरीही रंग आला नाही तर पानात स्टार्च नव्हताच, आणि चूक उन्हाकडे जाते. ऊन आधी आणि अंधार नंतर झाला, ऊन पुरेसे नव्हते, किंवा रोपच चुकीचे निवडले. कांद्याच्या पातीत स्टार्च साठत नाही, त्यात साखर असते. तिच्यावर हा प्रयोग कितीही काटेकोरपणे केला तरी निळा रंग येणार नाही.

महाराष्ट्रात या प्रयोगाला ऋतूची अडचण आहे. शाळा जूनमध्ये सुरू होतात, आणि हा धडा जुलै-ऑगस्टमध्ये आला तर कोकणात आणि घाटमाथ्यावर दिवसचे दिवस ऊन पडत नाही. ढगाळ दिवशी स्टार्च बनतो, पण कमी, आणि रंग फिका येतो. दिवाळीनंतरचे स्वच्छ ऊन सर्वांत सोयीचे. तीन दिवसांच्या अंधारासाठी शनिवार-रविवार मोजून शुक्रवारी दुपारी रोप कपाटात ठेवले, सोमवारी सकाळी एक पान तपासून लगेच ते उन्हात आणले आणि शेवटच्या तासाला दुसरे पान खुडले, तर शाळेच्या वेळापत्रकात हा सगळा क्रम बसतो.

उरलेले हिरवे अल्कोहोल बेसिनमध्ये ओतू नये. ते झाकणाच्या बाटलीत भरून, वर नाव लिहून, ज्योतीपासून दूर ठेवावे. निकालाची आकृती त्याच तासाला काढावी, कारण पान सुकले की आयोडीन उडून जाते आणि काही दिवसांत निळा रंग फिका पडतो.